टाके जुळले पाहिजेत, सुरकुत्या जुळता कामा नयेत

*प्रश्न: ऑनलाइन एक चामड्याची, खांद्याला अडकवायची बॅग आवडली आहे. लिस्टिंगमधले फोटो एकदम झकास आहेत, पण खाली ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत बॅग काहीतरी वेगळीच वाटते. हा नुसता उजेडाचा फरक आहे की विक्रेत्याने दुसऱ्या कोणाचे तरी कॅटलॉग फोटो उचलून लावले आहेत? हे घरबसल्या कसं ओळखायचं?*

दोन्ही फोटो शेजारी ठेवले की नजर आधी रंगावर जाते, आणि पहिली फसगत तिथेच होते. या कामात रंगाइतकी बेभरवशाची गोष्ट दुसरी नाही. घरातला पिवळा दिवा, खिडकीतून येणारा निळसर उजेड, फोनने न विचारता केलेली दुरुस्ती आणि त्यावर तुमच्या स्क्रीनचा स्वभाव. एकच तपकिरी बॅग चार जणांच्या फोटोंत चार रंगांची दिसते. त्यामुळे रंग शेवटी बघायचा, आणि तोही जमलं तर.

मी बॅगा, बूट, पट्टे अशा वस्तूंचे कॅटलॉग फोटो काढते. माझे स्वतःचे फोटो परक्या लिस्टिंगवर बऱ्याचदा सापडले आहेत, त्यामुळे चोरीची दुसरी बाजूही माहीत आहे. बॅग आमच्याकडे येते तेव्हा काय होतं ते आधी सांगते, म्हणजे कोणता फरक खरा आणि कोणता आम्हीच घडवलेला, हे कळेल. बॅगेत कागदाचे बोळे ठासून भरतो, म्हणून ती गरगरीत दिसते. हँडल सरळ उभं राहावं म्हणून वरून बारीक दोऱ्याने बांधतो आणि तो दोरा नंतर फोटोतून पुसतो. लोंबणारी लेबलं काढतो. चामड्यावरचे ओरखडे पुसतो. कधी कधी काळी, तपकिरी आणि लाल अशा तीन बॅगांचे फोटो प्रत्यक्षात एकाच बॅगेचे असतात आणि रंग संगणकावर बदललेला असतो. ही चोरी नाही, धंद्याची नेहमीची रीत आहे. म्हणजे ग्राहकाच्या फोटोतली बॅग मलूल, हँडल पडलेलं आणि पोट आत गेलेलं दिसत असेल, तर एवढ्यावरून विक्रेत्याला चोर म्हणता येत नाही.

मग बघायचं काय? माझा एक साधा नियम आहे. बॅगेत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, बनवणाऱ्याने ठरवून केलेल्या: किती रिव्हेट, पट्ट्याला किती भोकं, शिवण एकेरी की दुहेरी, झाकण कुठपर्यंत येतं. या प्रत्येक नगात सारख्याच असतात. दुसऱ्या, आपोआप घडलेल्या: चामड्याची नैसर्गिक नक्षी, एखादी सुरकुती, सुटलेला दोरा, पट्टा जमिनीवर कसा पडला. या दोन नगांत कधीच हुबेहूब सारख्या नसतात. म्हणून ठरवून केलेल्या गोष्टी जुळल्या पाहिजेत आणि आपोआप घडलेल्या जुळता कामा नयेत. पहिल्या जुळल्या नाहीत तर वस्तू वेगळी आहे. दुसऱ्या जुळल्या तर फोटो तोच आहे. बहुतेक लोक फक्त फरक शोधतात. जास्तीचं साम्यही तितकंच बोलकं असतं, हे लक्षात येत नाही.

माझ्या भाचीने दाखवलेलं एक उदाहरण घेते, कारण त्यात दोन्ही बाजू आल्या. तुमच्यासारखाच प्रकार होता: झाकणाची, पुढे पितळी बक्कल असलेली तपकिरी बॅग. लिस्टिंगमध्ये सहा फोटो. “मावशी, बघ ना, फोटोत इतकी छान आहे आणि रिव्ह्यूत अगदीच साधी दिसते. घेऊ का नको?” तिला म्हटलं, आधी सगळ्या फोटोंचे स्क्रीनशॉट काढून ठेव. विक्रेत्याला काही विचारलं की कधी कधी लिस्टिंगमधले फोटो रातोरात बदलतात, आणि मग तक्रार करायला हातात काही उरत नाही.

त्यानंतर ग्राहकांचे फोटो निवडले. हे काम लोक घाईने करतात. रिव्ह्यूत टाकलेला प्रत्येक फोटो खरा नसतो. काही जण लिस्टिंगचाच फोटो कापून टाकतात. काही ठिकाणी एका लिस्टिंगखाली दोन-तीन वेगळ्या मॉडेलचे रिव्ह्यू एकत्र झालेले असतात, म्हणून रिव्ह्यूखाली कोणता रंग किंवा प्रकार घेतल्याचं लिहिलंय तेही वाचायचं. आम्ही तीन फोटो घेतले. तिन्हीत फरशी वेगळी, उजेड वेगळा, एकात कोणाचं तरी गुडघ्याचं टोक आलेलं. असे गबाळे फोटोच कामाचे. पाच वेगवेगळ्या नावांनी टाकलेल्या फोटोंत तीच चादर आणि तोच कोपरा दिसला असता, तर ते मी बाजूला ठेवले असते.

पहिली पायरी मोजणीची. लांबी मापायची नाही, नग मोजायचे. नगांची संख्या उजेडाने बदलत नाही, कोनाने बदलत नाही, कागद ठासल्याने बदलत नाही. बक्कल ज्या पट्टीवर बसवली होती त्या पट्टीकडे गेलो. कॅटलॉग फोटोत पट्टीच्या वर दोन रिव्हेट, आणि त्यांच्यापासून बक्कलच्या आडव्या दांडीपर्यंत काठाच्या शिवणीचे ११ टाके. ग्राहकाच्या पहिल्या फोटोत रिव्हेट एकच, आणि टाके ७. दुसऱ्या फोटोतही रिव्हेट एक आणि टाके ७. तिसरा फोटो धूसर होता, टाके मोजता येईनात, पण रिव्हेट एकच हे स्पष्ट होतं. मग पट्ट्याची भोकं: कॅटलॉगमध्ये ५, ग्राहकांकडे ३. शेवटी झाकणाच्या काठावरची शिवण. कॅटलॉगमध्ये दोन समांतर ओळी होत्या, ग्राहकांकडे एक.

टाके मोजताना एक काळजी घ्या. सुरुवात आणि शेवट ठाम असलेल्या जागा निवडा, जसं की रिव्हेटपासून बक्कलपर्यंत किंवा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. “साधारण इथून तिथपर्यंत” मोजलं तर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येईल. फोटो इतका मोठा करा की टाक्यांमधली भोकं दिसतील, आणि ती दिसत नसतील तर त्या फोटोत टाके मोजूच नका. दबलेला लहान फोटो मोठा केला की दोन टाके मिळून एक दिसतो आणि आपण नसलेला फरक पकडून बसतो. एका टाक्याचा फरक मी सोडून देते, कारण हाताने किंवा साध्या मशीनवर शिवलेल्या मालात तेवढं इकडेतिकडे होतं. अकराचे सात ही मात्र चूक नसते, ती वेगळी शिवण असते.

दुसरी पायरी प्रमाणाची. इथे सगळे बॅगेची रुंदी आणि उंची मापायला जातात आणि चुकतात. फोन वरून तिरपा धरला की उंची आक्रसते. ३० अंश तिरपा धरला तर उंची सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसते आणि रुंदी तशीच राहते. चांगली उभट बॅग बुटकी वाटते आणि बघणारा लगेच “डुप्लिकेट आहे” म्हणून मोकळा होतो. म्हणून एकाच दिशेतली, एकाच पृष्ठभागावरची दोन मापं घ्यायची. उंचीची तुलना उंचीशीच. कोन तिरपा असला तर दोन्ही जवळपास सारखीच आक्रसतात आणि त्यांचं गुणोत्तर बरंचसं टिकून राहतं.

आम्ही झाकणाची उंची आणि बॅगेची पूर्ण उंची घेतली. त्यासाठी कुठलंही ॲप लागलं नाही, लॅपटॉपच्या स्क्रीनवर मोजपट्टी ठेवली. कॅटलॉग फोटोत झाकण ३८ मिलिमीटर, बॅग ६२. भागाकार ०.६१. ग्राहकाच्या पहिल्या फोटोत ४१ आणि ९१, म्हणजे ०.४५. दुसऱ्यात ३० आणि ६५, म्हणजे ०.४६. स्क्रीनवरचे मिलिमीटर खरे नाहीत याची चिंता नको, कारण आपल्याला फक्त भागाकार हवा आहे. बघा, ग्राहकांचे दोन फोटो वेगळ्या फोनने, वेगळ्या घरात काढलेले, तरी एकमेकांशी जुळतात. कॅटलॉग मात्र दोघांपासून लांब. खऱ्या बॅगेचं झाकण निम्म्याच्याही वर संपतं आणि कॅटलॉगमधलं निम्म्याच्या खाली येतं. बॅग ठासून भरल्याने झाकण थोडं वर ओढलं जातं, पण इथे तर ठासलेल्या बॅगेचंच झाकण जास्त लांब आहे, म्हणजे ते कारणही बाद. ०.५५ आणि ०.५८ एवढाच फरक असता तर मी त्यावर एक शब्द बोलले नसते. अगदी जवळून काढलेल्या फोटोत फोनच्या जवळचा भाग फुगतो, तेवढ्यानेही असा फरक पडतो.

इथपर्यंत एवढं ठरलं की फोटोतली बॅग आणि घरी येणारी बॅग वेगळ्या आहेत. पण फोटो चोरलेला आहे का, हा प्रश्न अजून तसाच होता. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत केली की भल्या विक्रेत्यावर आळ येतो. मूळ कंपनीचा माल विकणारा अधिकृत दुकानदार कंपनीचेच फोटो लावतो. फोटो इतर वीस ठिकाणी सापडेल, पण टाके मोजलेत तर जुळतील. अशा ठिकाणी बिनधास्त घ्या.

फोटो मूळचा कुठला हे शोधायला दोन साधनं पुरतात, आणि दोघांचा स्वभाव वेगळा आहे. Google Lens तुम्हाला मुख्यतः तसाच दिसणारा माल दाखवतं, म्हणजे त्याच बॅगेसारख्या शंभर बॅगा. TinEye तसाच माल शोधत नाही, तोच फोटो शोधतं, कापलेला किंवा थोडा बदललेला असला तरी. चोरी शोधायची तर दुसरं जास्त कामाचं. तिथे निकालांचा क्रम बदलता येतो. Oldest निवडलं की त्यांना सगळ्यात आधी सापडलेली प्रत वर येते आणि Biggest image निवडलं की सगळ्यात मोठी. ती तारीख फोटो पहिल्यांदा कधी टाकला गेला याची नसते, त्यांच्या यंत्रणेला तो पहिल्यांदा कधी दिसला याची असते. म्हणून जुनी तारीख दिसली की तोच मालक, असं धरू नका. मला स्वतःला मोठ्या प्रतीवर जास्त भरवसा वाटतो. चोरणाऱ्याच्या हाती पडलेली प्रत बहुधा वेबसाइटवरची लहान असते. ती ताणून मोठी करता येते, पण चामड्याची रंध्रं आणि दोऱ्याचा पीळ त्यात परत आणता येत नाही.

भाचीच्या बॅगेचा फोटो तसाच शोधला तर काहीच आलं नाही. मग मी तो आडवा उलटवला, आरशात दिसतो तसा, आणि पुन्हा शोधला. सहा निकाल. ही जुनी युक्ती आहे: डावं-उजवं केलं की शोध चकतो. उलटवलेला फोटो नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. धातूवर कोरलेलं एखादं अक्षर, घड्याळ असेल तर त्याची चावी, शर्ट असेल तर बटणांची बाजू. या बॅगेत बाजूच्या कडीला अडकवलेली छोटी चामडी पट्टी कॅटलॉग फोटोत उजवीकडे होती आणि मॉडेलने बॅग घेतलेल्या फोटोत डावीकडे. एकाच लिस्टिंगमधले दोन फोटो एकमेकांशीच भांडत होते. चोरणाऱ्याने काही फोटो उलटवले आणि काही विसरला.

सगळ्यात मोठी प्रत दुसऱ्याच एका ब्रँडच्या पानावर मिळाली. त्यात बक्कलवर नाव ठसवलेलं होतं. लिस्टिंगमधल्या फोटोत त्याच जागी पितळ गुळगुळीत. नीट मोठं करून बघितल्यावर काय झालं ते दिसलं: बक्कलवर घासलेल्या धातूच्या बारीक आडव्या रेषा होत्या, त्या मध्येच तुटून एका लंबगोल डागात विरघळत होत्या आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होत्या. नाव पुसणाऱ्याला अक्षरं दिसली, रेषा दिसल्या नाहीत. पितळ उघडं पडलं म्हणतात ते इथे अगदी शब्दशः घडलं.

भाचीला तरी वाटत होतं की विक्रेत्याला एकदा विचारावं. विचारायला हरकत नाही, फक्त कसं विचारता त्याला महत्त्व आहे. “खरा फोटो पाठवा” म्हटलं की चोरलेल्या संचातला एखादा न वापरलेला फोटो येतो. म्हणून कॅटलॉगमध्ये कधीच नसतो असा फोटो मागायचा. बॅग आडवी पाडून तळाचे चारही कोपरे, झाकण उघडून आतल्या खिशाची शिवण, आणि पट्ट्याखाली आज लिहिलेली चिठ्ठी. आम्ही तळाचा फोटो कॅटलॉगसाठी जवळजवळ कधीच काढत नाही, त्यामुळे तो उचलायला मिळत नाही.

विक्रेत्याने तासाभरात एक फोटो पाठवला. तळाचा नव्हता, समोरून काढलेला होता, पण पार्श्वभूमी लाकडी टेबलाची. भाची म्हणाली, “बघ, खराच आहे की!” इथे नियमाची दुसरी बाजू कामाला आली. मूळ ब्रँडच्या मोठ्या फोटोत झाकणाच्या डाव्या कोपऱ्याजवळ चामड्यावर एक फिकट, चंद्रकोरीसारखी रेघ होती. जनावराच्या कातडीवर जुन्या जखमेचे असे वण असतात आणि दोन तुकड्यांवर ते सारखे असूच शकत नाहीत. “आज काढलेल्या” फोटोत तीच कोर, त्याच कोपऱ्याजवळ, तेवढ्याच अंतरावर. खांद्याचा पट्टा टेबलावर पडला होता त्याचं वळणही तेच, आणि एका ठिकाणी तो स्वतःवरच दुमडला होता ती घडीसुद्धा तीच. पट्टा दोनदा सारखा पडत नाही, हे तुम्ही आत्ता घरच्या घरी टाकून बघा. शिवाय बॅगेची सावली डावीकडे आणि टेबलावरच्या कपाची उजवीकडे. बॅग कापून लाकडी टेबलावर चिकटवलेली होती.

फोटो कधी आणि कशाने काढला याची जी माहिती फोटोच्या फाइलमध्ये दडलेली असते, ती तपासायचा सल्ला बरेच जण देतात. मी त्यात वेळ घालवत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलं की ती माहिती निघून जाते, अनेक वेबसाइटही ती काढून टाकतात. ती नसणं हा चोरीचा पुरावा नाही आणि असली तरी ती बदलता येते.

आता ही पद्धत कुठे चुकते तेही सांगते, कारण माझ्याच कामात चुकली आहे. एका कंपनीसाठी मी बॅगांचे फोटो काढले. माल तयार व्हायच्या आधीचा नमुना माझ्याकडे आला होता. त्याच्या पट्टीवर दोन रिव्हेट होते. पुढे कारखान्यात एक रिव्हेट कमी करून तिथे फुलीची शिवण टाकली, आणि फोटो मात्र कोणी बदलले नाहीत. ग्राहकांनी रिव्हेट मोजले आणि “फसवणूक” म्हणून रिव्ह्यू लिहिले. माल खरा होता, फोटोही त्याच कंपनीचे होते, फक्त आधीच्या नमुन्याचे. त्यामुळे एकच गोष्ट वेगळी निघाली आणि बाकी सगळं जुळत असेल, म्हणजे झाकणाचं प्रमाण, भोकं, शिवणीच्या ओळी, तर मी चोरीचा संशय घेत नाही. मूळ ब्रँडच्या पानावर त्यांच्या ग्राहकांनी टाकलेले फोटो बघते. तिथेही एकच रिव्हेट असेल तर रचना बदललेली आहे. भाचीच्या बॅगेत मोजलेलं सगळंच वेगळं निघालं होतं: रिव्हेट, टाके, भोकं, शिवणीच्या ओळी आणि प्रमाण.

दुसरी मर्यादा उलट बाजूची आहे. नक्कल करणारा खरोखर मेहनती असेल, रिव्हेट आणि टाके मोजून शिवत असेल, तर फोटोंच्या तुलनेत तो सापडणार नाही. तिथे आतलं अस्तर, कडांना लावलेला रंग, झिपच्या रनरचं वजन बघावं लागतं, आणि ते बॅग हातात आल्यावरच. छापील कापडाची बॅग असेल तर मात्र एक सोपा मार्ग उरतो. शिवणीपाशी नक्षी कुठे कापली जाते ते बघा. महाग मालात दोन्ही बाजूंची नक्षी जुळवून कापतात, त्यात कापड वाया जातं, म्हणून नक्कल करणारे ते सहसा टाळतात.

तुमच्या बॅगेबद्दल सांगायचं तर पुढचा रस्ता साधा आहे. ग्राहकांचे दोन-तीन गबाळे फोटो निवडा, बक्कलजवळच्या पट्टीवर दोन ठाम जागा धरा आणि मोजा. पाच मिनिटांत कळेल. आकडे जुळले तर रंगाची खंत सोडा, तो उजेडाचा खेळ आहे. तीन-चार गोष्टी एकदम फसल्या तर घेऊ नका. आधीच मागवली असेल तर “आवडली नाही” या कारणाखाली परत करू नका, “वर्णनाप्रमाणे नाही” हे कारण निवडा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून, टाक्यांवर आकडे लिहून जोडा. तक्रार बघणाऱ्या माणसाकडे वेळ नसतो. “वेगळी दिसते” हे त्याला पटत नाही, पण ११ आणि ७ त्याला लगेच दिसतात. फोटो चोरल्याची तक्रार मात्र तुमची नाही, ती फोटोच्या मालकाने करायची असते. मूळ ब्रँडला लिंक पाठवलीत तर ते बहुधा आनंदाने करतील.

भाचीने ती पाठवली. ब्रँडच्या फोटोग्राफरने तिला उलट लिहिलं की चंद्रकोरीचा तो वण पुसायला सांगितलं होतं, पण दिवसाच्या शेवटचा फोटो म्हणून तो कंटाळून तसाच ठेवला.